लेखांसह संपूर्ण पॅकेज

फेब्रुवारीत, प्रॅक्टिकल आणि अंतर्गत गुणांची धांदल चालू असताना, आमच्या मराठी विभागाच्या मेलवर एक प्रस्ताव येऊन पडला. विषयाच्या रकान्यात लिहिले होते : ‘वार्षिक नियतकालिकाचे आकर्शक डिझाइन, लेखांसह संपूर्ण पॅकेज’. ‘आकर्शक’ त्यांचेच, आम्ही फक्त उतरवून घेतले. मेलची सुरुवात ‘आदरणीय रसायनशास्त्र विभागप्रमुख’ अशी होती. आम्ही राग मानला नाही. हाच मेल आणखी कोणाकोणाला गेला आहे तेही कळले, कारण जिल्ह्यातल्या झाडून साऱ्या महाविद्यालयांचे पत्ते वर उघडेच होते. शेजारच्या तालुक्यातल्या महाविद्यालयाचा अंकही अजून सुरू झालेला नाही, ही बातमी आमच्या स्टाफरूमला त्या मेलमुळेच मिळाली आणि सगळ्यांना फार बरे वाटले.

मजकूर मात्र मनोवेधक होता. डिझाइनचा दर पानाला दीडशे रुपये. वैचारिक लेख पाचशे शब्दांपर्यंत तीनशे रुपये. यमकाची कविता ऐंशी, मुक्तछंद साठ. प्रवासवर्णन दोनशे, त्यात स्थळ आम्ही सुचवायचे. अध्यक्षांचा, सचिवांचा आणि प्राचार्यांचा शुभेच्छा संदेश मोफत. या शेवटच्या कलमावर मी थांबलो, कारण सबंध मेलमधले एवढे एकच वाक्य व्यवसायाची खरी जाण दाखवणारे होते. संदेश सगळीकडे तोच असतो, नाव तेवढे बदलायचे, त्याचे पैसे कोणत्या तोंडाने घेणार? सोबत नमुना म्हणून जोडलेल्या अंकात प्राचार्यांनी ‘आपल्या महाविद्यालयाच्या उज्ज्वल परंपरेचा’ अभिमान व्यक्त केला होता. पहिल्या परिच्छेदात महाविद्यालय एका गावचे होते, तिसऱ्यात दुसऱ्या गावचे.

विभागात मेलचे वाचन झाले. एका प्राध्यापिकेने विचारले, ‘‘सर, पण मुलांनी लिहायचं असतं ना?’’ त्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘‘मॅडम, मुलांकडून लेख मागायचे म्हणजे ते तपासायचे आले.’’ विषय संपला. मेलमध्ये पुढे असेही होते की, हे पॅकेज नॅकच्या पाचव्या निकषासाठी उपयुक्त आहे. पाचवा निकष म्हणजे विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य आणि त्यांची प्रगती. विद्यार्थ्याने लिहायचा लेख विकत आणणे हे साहाय्यच म्हणायचे. आणि प्रगती होणार हेही खरे, फक्त ती लेखामागे तीनशे रुपये दराने होणार आणि दुसऱ्याच कोणाची तरी.

आता उपहास थोडा बाजूला ठेवून सांगतो, की मला त्या मेलमधल्या विक्रीपेक्षा त्यातल्या अज्ञानाची जास्त चिंता वाटली. महाविद्यालयाचा अंक ज्याने एकदा तरी छापून घेतला आहे, त्याने पहिल्या मेलमध्ये चार प्रश्न विचारले असते : अंकाचा आकार कोणता, पाने किती, प्रती किती, मजकूर कोणत्या फॉन्टमध्ये मिळणार. या मेलमध्ये एकही प्रश्न नव्हता. होते ते ठाम विधान : ‘१०० पानी दर्जेदार अंक, प्रति अंक फक्त…’ आणि पुढे आकडा.

किती प्रतींसाठी हा दर, ते नव्हते. ऑफसेटला प्लेट बनवायची आणि मशीन लावायचे, एवढा खर्च तीनशे प्रती काढा की हजार, तेवढाच येतो. प्रती वाढतील तसा तो वाटला जातो आणि एका प्रतीचा दर उतरतो. म्हणजे प्रतींचा आकडा न विचारता प्रतीचा दर सांगणारा माणूस एकतर ज्योतिषी असतो, नाहीतर पुढे ‘सर, थोडा फरक पडेल’ असा फोन करणारा असतो.

आणि ती शंभर पाने! ऐकायला भरघोस वाटते, बाइंडरला विचारा. आपले बहुतेक अंक डेमी पाव आकारात निघतात. २३ बाय ३६ इंचांच्या कागदावर एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ, अशी या आकाराची सोळा पाने बसतात. तो एक फॉर्म. सहा फॉर्मची पाने होतात ९६. शंभर करायची तर उरलेल्या चार पानांसाठी वेगळी प्लेट, वेगळी छपाई, वेगळी घडी, आणि बाइंडिंगच्या वेळी ती चार पाने हरवू नयेत म्हणून वेगळी काळजी. जाणकार माणूस ९६ म्हणतो, नाहीतर अर्धा फॉर्म जोडून १०४ म्हणतो. शंभर हा आकडा परीक्षेच्या गुणांसाठी आहे.

हा हिशेब कोरडा वाटेल, पण कोणाचे काय छापले जाते ते यावरच ठरते. गेल्या अंकाचे उदाहरण देतो. ९६ पानांपैकी एक फॉर्म आर्ट पेपरवर, रंगीत, फोटोंसाठी. राहिली ८०. त्यात संदेश, संपादकीय, एनएसएसपासून जिमखान्यापर्यंत सगळे अहवाल, आणि प्रत्येक विभागाने ‘संपन्न’ केलेले सगळे कार्यक्रम. उरलेल्या पानांत मुलांचे लेख आणि कविता. पाने लागली, अनुक्रमणिका तयार झाली, आणि संस्थेतून निरोप आला, की नव्या उपाध्यक्षांचा संदेश फोटोसह, स्वतंत्र पानावर घ्यावा. पान सत्त्याण्णवावे. आता एका पानासाठी नवा फॉर्म कोण काढणार? तेव्हा काहीतरी गाळायचे. अहवाल गाळता येत नाही, कारण तो नॅकला लागतो. संदेश गाळता येत नाही, कारण आपल्याला नोकरी लागते. एस. वाय.च्या एका मुलीच्या दोन कविता एका पानावर होत्या. एक गळली. दुसरी नऊ पॉइंटात बारीक करून क्रीडा अहवालाच्या तळाशी, खो-खोच्या निकालाखाली बसवली. ती कविता पावसावर होती.

फॉन्टचा मामला याहून चमत्कारिक. आमच्याकडे मजकूर तीन वाटांनी येतो. ज्येष्ठ प्राध्यापक गावातल्या डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत टाइप करून आणतात, मुले मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहून व्हॉट्सअ‍ॅप करतात, आणि प्राचार्य हाताने लिहितात. श्रीलिपीतली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, की रोमन अक्षरे आणि खुणांचा सडा पडतो. कन्व्हर्टरमधून काढली, की बहुतेक शब्द सावरतात, पण रफार आणि जोडाक्षरे इकडेतिकडे होतात, आणि ती नजरेनेच पकडावी लागतात. उलट, युनिकोडचा मजकूर पेजमेकरसारख्या जुन्या सॉफ्टवेअरला झेपतच नाही. इनडिझाइनमध्येही भारतीय लिप्यांसाठीची मांडणी निवडली नाही, तर ‘विद्यार्थी’मधली पहिली वेलांटी ‘व’च्या आधी न बसता पुढच्या अक्षरावर जाऊन टेकते आणि जोडाक्षराचा पाय मोडतो. नमुना अंकात मुखपृष्ठावरच्या विद्यार्थ्याची हीच गत झालेली होती. सोनेरी अक्षरांत, सावलीसह.

फोटोंबद्दल मेलमध्ये ‘एचडी क्वालिटी’ असे आश्वासन होते. फोटो देणार आम्ही, तेही व्हॉट्सअ‍ॅपवरून. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो तिथे आवळला जाऊन लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेल उरतात. छपाईला इंचाला तीनशे लागतात, म्हणजे तो फोटो पाच-सव्वापाच इंच रुंद छापेपर्यंत नीट दिसेल. आम्ही स्नेहसंमेलनाचा फोटो समोरासमोरच्या दोन पानांवर पसरवा म्हणतो. मग साठ मुलांचे चेहरे पुसट होतात आणि मधल्या घडीत पाहुण्यांचे नाक जाते. हाच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर आहे तसा पोहोचतो. एवढी एक ओळ त्या मेलमध्ये असती, तरी मी त्यांना चहाला बोलावले असते.

तरीही प्रस्ताव पुढे गेला. कार्यालयाने सांगितले, तीन कोटेशन लागतील. मेल पाठवणाऱ्या तरुणाला तसे कळवले, तर तो म्हणाला, ‘‘सर, बाकीची दोन मीच आणतो.’’ दुसऱ्या दिवशी तिन्ही आली. लेटरहेड तीन, शिक्के तीन, दर चढत्या क्रमाने. तिन्हींत डिझाइन ‘आकर्शक’ होते. लेखापालांनी तुलनात्मक तक्ता केला आणि सर्वांत कमी दराचे निवडले. मग निम्मी रक्कम आगाऊ हवी, ही त्याची अट निघाली. कार्यालय म्हणाले, अंक आल्यावर, स्टॉक रजिस्टरला नोंद झाल्यावर, बिल. आणि बिल जीएसटीचे हवे. तरुणाचा व्यवसाय वर्षाला वीस लाखांच्या बराच आत, म्हणून जीएसटी नोंदणी नाही, आणि नोंदणी नसलेल्याला बिलात जीएसटी लावताच येत नाही. हे कायदेशीर आहे, असे त्याने तीनदा सांगितले. कार्यालय म्हणाले, असेल, पण आमच्याकडे बसत नाही. इथे माझी सहानुभूती पहिल्यांदा त्याच्या बाजूला गेली.

अटींमध्ये ‘दोन वेळा दुरुस्ती मोफत’ असेही एक कलम होते. दुरुस्ती कोण सांगणार आणि शेवटच्या प्रूफवर सही कोणाची, हे नव्हते. आमच्याकडे प्रूफ पाच जण पाहतात, म्हणजे कोणीच पाहत नाही. ‘बसलेले, डावीकडून’ या ओळीतला क्रम प्लेट झाल्यावरच कोणाच्या तरी लक्षात येतो. काळ्या पानाला एका बाजूची एक प्लेट बदलावी लागते. रंगीत असेल तर बहुधा चारही, आणि त्याच प्लेटवरची बाकीची सात पाने विनाकारण पुन्हा निघतात. तेव्हा बिलात ‘इतर खर्च’ उगवतो आणि संबंध बिघडतात.

शिवाजी विद्यापीठात नियतकालिकांची स्पर्धा होते. परीक्षकांसमोर अंकांचा ढीग लागत असेल, आणि निरनिराळ्या महाविद्यालयांच्या मुलांनी एकाच शब्दांत लिहिलेला पर्यावरणावरचा लेख त्यांच्या वाचनात येत असेल, तर तो योगायोग नाही. तो तीनशे रुपयांचा माल आहे.

त्या तरुणाला माझे सांगणे एवढेच, की पुढचा मेल जुलैत पाठव, चार प्रश्न विचार, डिझाइनचे पैसे पानाला दीडशेऐवजी दोनशे घे आणि लेखांचे दरपत्रक काढून टाक. आणि वाचकहो, तुमच्या घरातले पोर महाविद्यालयात जात असेल, तर प्रवेशाच्या वेळच्या फीच्या पावतीवर ‘नियतकालिक’ असा रकाना आहे का पाहा. असला, तर पैसे तुम्ही भरलेले आहेत. अंक मागून घ्या, आणि त्यात मुलांनी स्वतः लिहिलेली पाने किती आहेत, ती मोजा.