उतरल्यानंतरचा प्रवास

आमच्या छत्रपती संभाजीनगरात रिक्षाचं भांडण पूर्वी बसण्याआधी व्हायचं. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की तो दोनशे म्हणायचा, आपण शंभर म्हणायचं, मग तोंड फिरवून चार पावलं चालायचं. त्याने "या, बसा" म्हटलं की भांडण मिटलं. पुढे सिडकोपर्यंत पाऊसपाणी, मुलांची शिक्षणं आणि महापालिकेचं पाणी किती दिवसांनी येतं, यावर मनमोकळ्या गप्पा. आता मोबाइलवर गाडी बोलावली की भाडं आधीच दिसतं, कोणी वाद घालत नाही, सगळं कसं सभ्य. भांडण उरलंच तर ते उतरल्यानंतर करायचं, तेही एकट्याने, घरात बसून, चष्मा लावून.

त्या रात्री मी स्टेशनवरून एन-सातला आलो. अंदाज दाखवला होता १८४ रुपये. रस्ता नेहमीचाच: कोकणवाडी, क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको चौक, तिथून डावीकडे. पैसे मोबाइलच्या पाकिटातून आपोआप जाणार होते, म्हणून मी रुबाबात उतरलो, बॅग ओढली आणि हिला फोन लावून म्हटलं, "खाली ये, बॅग जड आहे." जेवण झाल्यावर संदेश आला: २९६ रुपये कापले.

अशा वेळी पहिला संशय येतो तो लुटीचा, दुसरा गर्दीच्या वेळच्या वाढीव दराचा. दोन्ही बाजूला ठेवून बिल उघडावं. बिलात तीनच गोष्टी पाहायच्या असतात: किलोमीटर, मिनिटं आणि दर. किलोमीटर तेवढेच आणि मिनिटं वाढली असतील, तर आपण वाहतुकीत अडकलो होतो. दोन्ही तेवढीच असून रक्कम फुगली असेल, तर दर वाढलेला होता किंवा वर टोल, थांबण्याचे पैसे असं काही चढलं आहे. पण किलोमीटरच वाढले असतील, तर नकाशावरची रेघ बघायची. उड्डाणपुलांजवळ, उंच इमारतींमधून ती थोडी वेडीवाकडी होते, हे खरं. पण त्या थरथरीने फार तर दोन-तीनशे मीटर वाढतात.

माझ्या बिलात सुरुवातीचे ५० रुपये, किलोमीटरला १४ आणि मिनिटाला दीड रुपया असा हिशोब होता. अंदाज सात किलोमीटर आणि २४ मिनिटांचा. म्हणजे ५० अधिक ९८ अधिक ३६, बरोबर १८४. प्रत्यक्ष बिल १२ किलोमीटर आणि ५२ मिनिटांचं. पाच किलोमीटर जास्त, म्हणून ७० रुपये. २८ मिनिटं जास्त, म्हणून ४२. एकूण ११२. दराला हात लागलेला नव्हता. लागला होता तो माझ्या प्रवासाला.

नकाशा उघडला आणि उलगडा झाला. रेघ एन-सातला आमच्या फाटकापाशी येते, क्षणभर टेकते आणि तशीच परत फिरून सिडको चौकातून जालना रस्त्याला लागते. मुकुंदवाडी मागे टाकून चिकलठाणा विमानतळाजवळ जाऊन थांबते. मी घरी पिठलं-भाकरी खात होतो, तेव्हा अधिकृत नोंदीनुसार मी विमानतळाकडे निघालो होतो. एवढं फिरूनही मला कुठलंच विमान मिळालं नाही, याचं दुःख वेगळं.

चालकाला फोन लागला. तो बिचारा म्हणाला, "काका, मी तर बंद केलं होतं ओ, नेटच गेलं." खोटं म्हणायलाही जीव होईना. प्रवास संपवायला त्याला पडद्यावर बोट सरकवावं लागतं. ते सरकलं नाही, किंवा सरकलं पण रेंज नसल्याने पोचलं नाही, तर मीटर चालूच राहतो. बरं, त्या ११२ रुपयांतले त्याच्या हातात किती पडले, हे त्यालाही सांगता येईना. समोर माणूस असूनही भांडायला कोणी नाही, ही या नव्या सोयीची मोठीच गैरसोय.

मग तक्रारीच्या खिडकीशी गाठ पडली. तिथे आवाज चढवून उपयोग नसतो, योग्य चौकट निवडावी लागते. "भाडं अंदाजापेक्षा जास्त" ही चौकट निवडली, तर "भाडं वेळ आणि अंतरानुसार ठरतं" हे छापील उत्तर तत्काळ येतं, अत्यंत नम्रपणे. ते खोटं नसतंच. आपलं म्हणणं वेगळं असतं: अंतर कापलं गेलं, पण मी त्यात नव्हतो. त्यामुळे "प्रवास उशिरा संपवला" ही खालची चौकट शोधावी. मी लिहिलं: प्रवासाचा क्रमांक हा, उतरण्याची ठरलेली जागा ही, गाडी तिथे ८ वाजून ५१ मिनिटांनी थांबली, ८.५२ला मी घरी केलेल्या फोनची नोंद सोबत आहे. बिलावर प्रवास संपला ९ वाजून १९ मिनिटांनी, विमानतळाजवळ. फरक २८ मिनिटं, पाच किलोमीटर, ११२ रुपये. जोडीला नकाशाचं आणि सुरुवातीच्या अंदाजाचं चित्र. "लूट", "फसवणूक", "मी कोण आहे माहीत आहे का" हे तीन शब्दप्रयोग मोठ्या कष्टाने गाळले.

हा नाद माझाच आहे असं नाही. २०१८मध्ये डोंबिवलीच्या एका वकीलबाईंनी मुंबई विमानतळासाठी उबरची गाडी बोलावली. अंदाज ५६३ रुपयांचा, बिल ७०३चं, आणि विमान चुकलं ते वेगळंच. तक्रारीनंतर १३९ रुपये परत आले. पण बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. आपण फक्त प्रवासी आणि चालक यांची गाठ घालून देतो, हा कंपनीचा बचाव ठाणे जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाने मानला नाही आणि २०२२मध्ये २० हजार रुपये द्यायला सांगितलं. मनस्तापाचे दहा, दाव्याच्या खर्चाचे दहा.

तिथवर जायची वेळ सहसा येत नाही. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. नाहीच झालं, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा आयोग, जिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. परतावा कुठे घ्यायचा तेही विचारून घ्यावं. ओला पुढच्या प्रवासाचं कूपनच हातात ठेवत असे. ते किंवा बँकेत पैसे, यातली निवड ग्राहकाला द्या, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४च्या ऑक्टोबरमध्ये बजावलं.

माझे ११२ रुपये खात्यात आले. ही म्हणाली, "एवढ्यात पावशेर काजूसुद्धा येत नाहीत." तेही खरं. पण पूर्वी घासाघीस करून वाचवलेल्या पैशांचा हिशोब तरी कोणी काजूत मांडला होता? तिथे जीभ लागायची, इथे कारकुनी लागते, एवढाच फरक.

आता मी निघण्याआधी अंदाजाचं चित्र काढून ठेवतो आणि उतरलो तरी दार धरून उभा राहतो. परवा एका पोराने विचारलं, "काका, काही राहिलं का गाडीत?"

म्हटलं, "मीच राहिलोय. बोट सरकव, म्हणजे उतरतो."