कॉफी हवी होती, म्हणजे अजूनही हवीच आहे

माझं स्पॅनिश कसं आहे हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो: ते फार खानदानी आहे. शब्द बेताचेच, वेगही बेताचा, पण विनंती करावी तर आम्हीच. क्रियापदाचं संकेतार्थी रूप लावल्याशिवाय मी साधं पाणी मागत नाही. 'किएरो', म्हणजे 'मला हवंय', हे लहान मुलांनी आणि हुकूमशहांनी म्हणावं असं माझं मत. त्यामुळे माद्रिदला पुतणीकडे राहायला गेलो तेव्हा लावापिएसमधल्या तिच्या घराखालच्या बारमध्ये मी छाती भरून म्हणालो, "सेरीआ उस्तेद तान आमाब्ले दे पोनेर्मे उन काफे?" आपण मला एक कॉफी देण्याची कृपा कराल का?

बारवाल्यानं एकदा मागे वळून पाहिलं. कुणी सरदार आलाय का, ते बघत असावा. तेवढ्यात शेजारी कोपर टेकून उभा असलेला एक रंगारी "पोनमे उन कोर्तादो, क्वान्दो प्वेदास" असं पुटपुटला आणि त्याची कॉफी माझ्याआधी आली.

"काका," पुतणी म्हणाली, "तुम्ही त्याला टोमणा मारताय असं वाटलं त्याला."

माझ्या खानदानाला हे फार लागलं, पण पोरीचं खरं होतं. स्पेनच्या बारमध्ये 'पोनमे', म्हणजे 'दे मला', ही सरळ आज्ञा चालते. 'मे पोनेस उन काफे?' हा साध्या वर्तमानकाळातला प्रश्नही चालतो. कॉफी देणं हे त्या माणसाचं कामच. ती मागून तुम्ही त्याच्यावर काही भार टाकत नाही. लागेल तेवढा मऊपणा शेवटच्या 'क्वान्दो प्वेदास'मध्ये येतो: जमेल तसं. बिल मागतानाही लोक हेच जोडतात. भार नसताना मखमल अंथरली की समोरच्याला उपहासाचा वास येतो. हे सगळं स्पेनपुरतं. कोलंबियात हीच कॉफी 'मे रेगाला उन तिंतो?' म्हणून मागतात, म्हणजे शब्दशः 'भेट द्याल का', आणि मग पैसेही देतात. तोच 'तिंतो' माद्रिदमध्ये मागितलात तर लाल वाइन येईल.

तरी मी हार मानली नाही. 'हवं असणं' या एका क्रियापदावर माझी सगळी भिस्त होती. 'किएरो' कडक वाटतं म्हणून स्पॅनिश माणूस त्याला अपूर्ण भूतकाळात ढकलतो: 'केरीआ उन काफे', कॉफी हवी होती. हवीय आत्ता, पण बोलायचं होऊन गेल्यासारखं, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला मोकळीक राहते. आपण तरी काय करतो? "तुमच्याकडे एक काम होतं" म्हणत दारात उभे राहतो, आणि ते काम अजून आ वासून उभं असतं. फोनवरही 'यामाबा पारा', अमुक विचारायला फोन करत होतो, असं म्हणतात, फोन कानाला असताना. यावर स्पेनमधल्या वेटरांचा एक शिळा विनोद आहे: "केरीआ? मग आता नको का?" प्रत्येक वेटरला तो स्वतःचा वाटतो. हसावं लागतं.

संकेतार्थी रूप याच्या अगदी शेजारचं: 'केर्रीआ'. फरक एका 'र'चा. तो जिभेच्या टोकावर थरथरवला तर 'मला आवडेल', नुसता एकदा टेकवला तर 'हवं होतं'. मी आरशासमोर उभा राहून तो थरथरवत असे आणि पुतणी बाहेरून विचारत असे, काका, बरं वाटत नाहीये का? पुढं कळलं की स्पॅनिश लोक स्वतःच 'केर्रीआ'च्या फारसे वाटेला जात नाहीत. 'किसिएरा' किंवा 'मे गुस्तारीआ' म्हणून मोकळे होतात. यातलं 'किसिएरा' व्याकरणानं संकेतार्थी नव्हेच, दुसऱ्याच घराण्यातून येऊन इथं बसलंय. तसं बसायची मुभा हवं असणं, शकणं आणि 'करायला पाहिजे' म्हणणं अशा मोजक्याच क्रियापदांना. बाकीच्यांनी प्रयत्न करू नये.

एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या आजींनी दार वाजवलं. "पेर्दोना के ते मोलेस्ते," तुला त्रास देतेय, माफ कर. "केरीआ पेदिर्ते उन फावोर," एक मदत मागायची होती. "सि नो ते व्येने माल," तुझी अडचण होत नसेल तर. आणि मग कुठं, "मे पोद्रीआस काम्ब्यार ला बोंबिया?" बल्ब बदलून देशील का? माफी, भूतकाळ, जर-तर आणि संकेतार्थ, चारही पडदे एका बल्बासाठी. मी स्टुलावर चढलो. दोन मिनिटांचं काम. स्वयंपाकघरात एकच ताट, एकच पेला उपडा घातलेला. ज्याच्या घरात माणसं असतात त्याला बल्ब बदलायला व्याकरण लागत नाही. मला त्या चार पडद्यांचा एकाएकी राग आला. ते विणायला तिला किती एकटं राहावं लागलं असेल!

असो. नकाराकडे वळू, म्हणजे मला 'एस के'बद्दल बोलता येईल. हे माझं लाडकं आहे, थांबवू नका. 'एस के' म्हणजे 'म्हणजे असं आहे की'. स्पॅनिशमध्ये नुसतं 'नो' म्हणून गप्प बसलात तर भांडण झालं असं समजतात. नकारामागं कारण यावंच लागतं, आणि कारणाची पालखी हे दोन शब्द वाहतात. 'एस के तेंगो मेदिको', म्हणजे डॉक्टरांकडे जायचंय. 'एस के मान्याना माद्रुगो', म्हणजे उद्या पहाटे उठायचंय. मुरलेले लोक तर कारणही देत नाहीत. 'एऽस के...' म्हणून आवाज लांबवतात, मान तिरकी करतात, ओठ दाबतात, आणि समोरचाच घाईनं म्हणतो, "या, या, नो ते प्रेओकुपेस," बरं बरं, काळजी करू नकोस. नाही हा शब्द कुणीच उच्चारलेला नसतो. आपल्या "त्याचं काय झालं माहितीये का..." या वाक्याचं हे सख्खं भावंड. लग्नाची पत्रिका हातात घेऊन ते वाक्य सुरू झालं की यजमान ताटं कमी करतात. पण आपलं वाक्य संपायला पाव तास लागतो आणि त्यात मावशीचं ऑपरेशन येतं. स्पॅनिश माणूस दोन शब्दांत सुटतो. याची असूया वाटून मी बसमध्ये, बाजारात, गरज नसतानाही 'एस के' म्हणू लागलो. भाजीवालीनं "आणखी काही?" विचारलं तरी 'एस के'. तिनं माझ्याकडे फार सहानुभूतीनं पाहिलं.

बल्बाच्या बदल्यात आजींनी रविवारच्या जेवणाचं आमंत्रण दिलं. इथं संकेतार्थ दगा देतो, नीट ऐका. 'मे एन्कान्तारीआ', मला फार आवडेल. हे म्हणून थांबलात तर तो होकार झाला. नकार हवा असेल तर त्याच श्वासात 'पेरो', म्हणजे 'पण', आला पाहिजे: मे एन्कान्तारीआ, पेरो एस के... 'पेरो'ला उशीर झाला की जेवायला जावं लागतं. दार पक्कं लावायचं असेल तर आणखी एक पायरी मागं जायचं: 'मे आब्रीआ एन्कान्तादो', फार आवडलं असतं. हे ऐकल्यावर कुणी आग्रह करत नाही.

मी 'मे एन्कान्तारीआ' म्हणालो आणि मुद्दाम थांबलो.

तुम्हीही कधी असेच थांबलात, तर एकच सांगतो: माद्रिदमध्ये रविवारचं जेवण दुपारी अडीच-तीनच्या आधी वाढत नाहीत. घरून काहीतरी खाऊन निघा.