सात ते चार, मध्ये ठिपका

यंदा दिवाळीत आमच्या लेकीच्या घरी एक तह झाला. फराळाचं लेकीने बघायचं आणि दारातली रांगोळी जावईबापूंनी काढायची. तहाच्या वेळी जावईबापूंना वाटलं, आपण स्वस्तात सुटलो. ते हिंजवडीच्या एका कंपनीत संगणकावर काम करतात, चिंचवडला राहतात, आणि आमच्याच पवना धरणाचं पाणी पितात. पण पाण्याबरोबर हातातलं कसब काही नळाने जात नाही.

नमुना म्हणून लेकीने पवनानगरच्या आमच्या अंगणातल्या रांगोळीचा फोटो त्यांना दिला. रांगोळी तिच्या आईची होती. फोटो लेकीने पायरीवर उभं राहून तिरका काढलेला, आणि त्यात एका कोपऱ्यात माझी चप्पल. जावईबापूंनी आमच्या हिला फोन लावला.

“आई, हे काढायचं कसं?”

“सोप्पं आहे जावईबापू. सात ते चार, मध्ये ठिपका.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आवाज आला, “इतका वेळ लागतो? सकाळी सात ते दुपारी चार?”

हिने फोन माझ्या हातात दिला. हिची रांगोळी बोटांत आहे. तोंडाने सांगायला गेली की ‘तिथून असं यायचं, मग असं जायचं’ एवढंच निघतं, आणि फोनवर ‘असं’ दिसत नाही. मी पाटबंधारे खात्यातला निवृत्त अनुरेखक. साहेबांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे शाईने उतरवून देण्यात माझी हयात गेली. म्हणून घरच्या इतिहासात प्रथमच रांगोळीचं खातं माझ्याकडे आलं.

पूर्ण झालेल्या रांगोळीच्या फोटोत पहिली अडचण ही की आतले ठिपके रेषांखाली गडप झालेले असतात. आमच्या फोटोत कडेचे तेवढे मोकळे राहिले होते. पण एक कड पुरते. कड सहा बाजूंची होती आणि एका बाजूवर ठिपके होते चार. सहा बाजूंच्या मांडणीत बाजूची दुप्पट करून एक वजा केला की मधली ओळ मिळते, म्हणजे सात. ओळी झाल्या ४, ५, ६, ७, ६, ५, ४, आणि एकूण ठिपके ३७. ‘सात ते चार’ म्हणजे एवढंच.

‘मध्ये ठिपका’ हे शब्द मात्र गाळले की घोटाळा झालाच. ‘सात ते एक’ असं नुसतं सांगितलं तर सरळ ठिपक्यांत ओळ दोन-दोनने कमी होते, ७, ५, ३, १, आणि २५ ठिपक्यांत काम भागतं. मधल्या ठिपक्यांत ती एकेकाने कमी होते आणि ४९ ठिपके लागतात. फोटोवरून ओळखायचं तर रांगोळीच्या मध्यावर बघावं. तिथून सहा रेषा सारख्या अंतराने फुटल्या असतील तर मधले ठिपके. चार रेषा काटकोनात असतील तर बहुतेक सरळ.

दुसरी अडचण तिरकेपणाची. पायरीवरून काढलेल्या फोटोत जवळच्या पाकळ्या मोठ्या आणि लांबच्या चेपलेल्या दिसतात. जावईबापूंनी पडद्यावर पट्टी लावून मध्य काढला, तो एका पाकळीच्या पोटात निघाला. तिरक्या फोटोत अंतरं खोटं बोलतात, सरळ रेषा मात्र सरळच राहते. म्हणून समोरासमोरचे कोपरे जोडायचे. तीन रेषा जिथे छेदतात तो खरा मध्य, फोटो कितीही वाकडा असो.

मग मी कागद घेतला. ‘असं’, ‘इकडे-तिकडे’ हे शब्द वर्ज्य केले आणि प्रत्येक ठिपक्याला पत्ता दिला. ओळी वरून मोजायच्या, ठिपके डावीकडून. ३/४ म्हणजे तिसऱ्या ओळीतला चौथा. त्या हिशेबाने मध्य ४/४ वर आला.

“आधी मधली ओळ घाला,” मी सांगितलं. “सात ठिपके, आठ-आठ सेंटिमीटरवर. पुढची ओळ सात सेंटिमीटर सोडून.”

“आठ का नाही?”

“आठ ठेवलंत तर फूल उभट होईल.”

तरी पहिल्या खेपेला त्यांनी सगळ्या ओळी डावीकडे एका रेषेत सुरू केल्या, कंपनीत अर्ज लिहितात तशा. ठिपके ३७ च भरले, पण आकृती एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला टोकदार झाली. मग मी कागदावर ठळक लिहिलं: लहान ओळीचा प्रत्येक ठिपका लगतच्या मोठ्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध.

पुढचं काम पाकळ्यांचं. वरची पाकळी: ४/४ पासून ३/३, तिथून २/३, मग ३/४ आणि परत ४/४. चार रेषा. तिच्या उजवीकडची: ३/४ पासून ३/५, मग ४/५, मग ४/४. इथे तीनच रेषा, कारण एक बाजू शेजारणीची आहे. पुढे ४/५, ५/५, ५/४, ४/४. खालची ५/४, ६/३, ५/३, ४/४. मग ५/३, ५/२, ४/३, ४/४. शेवटची ४/३, ३/२, ३/३, आणि ही दोन रेषांत मिटते. एकूण १८ रेषा. आतून बाहेर जायचं, म्हणजे काढलेल्यावर हात फिरत नाही.

नंतर पाकळ्यांची टोकं कोपऱ्यांतून जोडायची: २/३ वरून २/४, तिथून ३/५. असे सहा कोपरे, बारा रेषा. कडेचे १८ ठिपके तसेच मोकळे.

चूक कळावी म्हणून तळाशी ताळेबंद दिला. मध्यावर ६ रेषा, त्याच्या लगतच्या ठिपक्यांवर ३, पाकळ्यांच्या टोकांवर ४, कोपऱ्यांवर २. कुठे आकडा चुकला तर रेष तिथेच राहिली किंवा जास्त झाली. जावईबापूंना हे फार आवडलं. त्यांच्या कामात याला चाचणी म्हणतात आणि ती करायला वेगळा माणूस असतो, असं ते म्हणाले.

ही कागद बघून हसत होती. “पाच मिनिटांच्या रांगोळीला एवढा पत्रव्यवहार?” मी तिला सांगितलं की हे काम विद्वानांनीही केलंय. मद्रासच्या गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ साली कोलमच्या आकृत्यांचं चक्क व्याकरण मांडून शोधनिबंध लिहिला.

“छान,” ही म्हणाली. “आणि ते लिहीत होते तेव्हा सडा कोण घालत होतं?”

याचा उल्लेख निबंधात असल्याचं मला माहीत नाही.

पाडव्याला चिंचवडहून फोटो आला. ताळेबंद जुळला होता. रेषा मात्र चिमटीतून कुठे दोरीएवढ्या, तर कुठे केसाएवढ्या पडल्या होत्या. त्याला पत्ता देता येत नाही. त्याच निरोपात पुढची मागणी होती: एक मोर, एकवीस ते अकरा, मध्ये ठिपका.

मी हिशेब केला. ३३१ ठिपके, आठ सेंटिमीटरवर रुंदी एक मीटर साठ. त्यांच्या दारापुढची जागा जेमतेम एक मीटर. शिवाय मोराला डावं-उजवं असतं, फुलाला नव्हतं. कागदाच्या उलट बाजूला बसलात तर मोर तोंड फिरवून डोक्यावर उभा राहील, एवढं मी कळवलं.

हिने फोन घेतला. “जावईबापू, मोर आमच्या अंगणात काढा. सडा मी घालते. पुढच्या दिवाळीला या, आणि येताना रांगोळी दोन किलो आणा.”

पलीकडे पुन्हा शांतता. मग हळूच प्रश्न आला, “आई, त्यापेक्षा फराळ शिकवता का?”