विशेषणांच्या बाबतीत कृपण

आदरणीय बाई, सा. न. वि. वि.

पत्रास विलंब झाला याचे कारण असे की, तुमच्याविषयी लिहिताना एकही विशेषण विनापुरावा वापरायचे नाही असा निश्चय करून मी बसले, आणि तीन मसुदे त्यातच खर्ची पडले.

महाविद्यालयांत शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांची जी मोठी जात आहे, तिच्याशी माझा परिचय आधीच झाला होता. हे गृहस्थ अत्यंत उदार असतात. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ एवढे बोलून ते चहाचा कप उचलतात, आणि मग विद्यार्थी स्वतःच स्वतःस मेहनती, मनमिळाऊ व सच्छील ठरवून, तोच मजकूर बँकेच्या कर्जास, वसतिगृहाच्या अर्जास आणि अमेरिकेतील विद्यापीठास सारख्याच श्रद्धेने पाठवितो. एकाच अर्जासोबतच्या अशा तीन पत्रांची भाषा एकाच हातची निघाली, म्हणजे तिकडच्या प्रवेश समितीस काय उमगायचे ते उमगते, हे मला इथे आल्यावर कळले. तुम्ही मात्र माझा कागद न वाचताच परत केलात आणि माझी प्रयोगवही मागून घेतलीत.

मला परदेशी अर्ज करण्यास तुम्ही दिलेले प्रोत्साहन हेही, खरे सांगायचे तर, कोणा तिऱ्हाइतास तक्रारच वाटली असती. ‘प्रत्येक निष्कर्षावर शंका घेणारी मुलगी इथे मार्गदर्शकाला झेपणार नाही; जिथे शंका घेण्याबद्दल वेतन देतात तिथे जा,’ असे तुम्ही सर्वांदेखत म्हणालात. लाखो रुपयांचा हिशोब मांडून बसलेल्या माझ्या बाबांना, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यास तिकडे बहुधा शुल्कमाफी मिळते आणि अध्यापनात साहाय्य करण्याबद्दल विद्यावेतनही मिळते, ही गोष्ट तुम्हीच घरी येऊन समजावलीत, आणि आईने पुढे केलेला पोह्यांचा दुसरा बशीभर आग्रह ‘पत्र अजून लिहायचे आहे’ या सबबीवर नाकारलात, जणू तो लाचच होता.

पुढे अर्जात, हे पत्र पाहण्याचा हक्क मी सोडते, अशा चौकटीत खूण करण्याची वेळ आली तेव्हा मी थबकले. 1974च्या अमेरिकन कायद्याने, प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यास आपली शिफारस वाचण्याचा हक्क आहे. परंतु तो राखून ठेवलेल्या पत्रास तिकडे भिडेचे पत्र समजतात, असे सांगून तुम्ही मला खूण करावयास लावलीत. त्यामुळे ते पत्र मी आजतागायत वाचलेले नाही. तथापि तुमच्यासारख्या माणसाला गुपित राखता येते, पण स्पष्टवक्तेपणा आवरता येत नाही, म्हणून त्यातील बराच मजकूर मला मार्गिकेत उभ्याउभ्या ऐकावयास मिळाला.

पत्रासोबत भरावयाच्या नमुन्यात, तुम्ही शिकविलेल्यांपैकी ही मुलगी वरच्या 1 टक्क्यात, 5 टक्क्यांत की 10 टक्क्यांत, असा प्रश्न होता. अन्य प्राध्यापक अशा ठिकाणी डोळे मिटून पहिल्या चौकटीत खूण करतात, तुम्ही जुने हजेरीपट काढलेत, आणि ‘तुला पहिल्या टक्क्यात बसविलेले नाही, पाचात आहेस, कुणाशी तुलना केली तेही लिहिले आहे,’ असे मला बजावलेत. त्या रात्री मी जेवले नाही. पण वहीतील ज्या पानावर, जिबरेलिक आम्लात भिजविलेल्या बियांपेक्षा साध्या पाण्यातल्या बियाच अधिक रुजल्याची नोंद मी आढळली तशी ठेवून प्रयोग पुन्हा केला होता, ते पान तुम्ही पत्रात सविस्तर वर्णिलेत. मुलाखतीत मला पहिला प्रश्न त्याच बियांवर आला. हुशारीचा उल्लेखही कोणी केला नाही.

पत्र पाठविण्याचा प्रसंग तर वेगळाच. विद्यापीठाचा दुवा महाविद्यालयाच्या अधिकृत पत्त्यावर आला, त्या पत्त्याचा परवलीचा शब्द कचेरीतल्या भाऊसाहेबांच्या खणात, आणि भाऊसाहेब लग्नाच्या रजेवर. मुदत 1 डिसेंबरच्या रात्री 11.59ची, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने. म्हणजे आपल्याकडे 2 तारखेच्या सकाळचे 10.29 वाजेपर्यंत सवलत आहे, असे मी तुमची समजूत घालण्यासाठी म्हटले. ‘सवलत आळशांसाठी असते,’ असे म्हणून तुम्ही भाऊसाहेबांना मांडवात गाठलेत. दुवा अखेर नको असलेल्या टपालाच्या कप्प्यात सापडला, आणि पत्र आठवडाभर आधी रवाना झाले.

इथल्या प्रयोगशाळेत मी सध्या बियाच मोजते. आता पदवीच्या मुलांचे गटही मला शिकवावयाचे असतात, आणि त्यांपैकी एकाने परवा माझ्याकडे शिफारसपत्र मागितले. मी त्याची वही मागितली. तो अद्याप परत आलेला नाही.

आपली विद्यार्थिनी

ता. क. आपल्याकडील दोन मुलींनी पत्रासाठी तुमच्याकडे यावे की कसे, असे मला विचारले आहे. मसुदा आणू नका, वही आणा, आणि मुदतीच्या निदान महिनाभर आधी या, असे त्यांना कळविले आहे. कृपया त्यांना पोटभर रागवावे.