काचेतली कमाई

फोन विकून दुकानदाराला सुटतं ते चहापाण्यापुरतं. खरी कमाई काच, कव्हर आणि चार्जरची. म्हणून कंपनीचा माणूस येतो आणि सांगतो, ‘प्रत्येक फोनमागे तीन वस्तू चिकटवा.’ गिऱ्हाईक पाकीट मिटायच्या आत चिकटवायच्या! मला हे आवडत नाही. मी एकच प्रश्न विचारतो, ‘फोन ठेवता कुठे?’ आणि त्या प्रश्नावर इतका खूश असतो, की गिऱ्हाईकाने उत्तर नाही दिलं तरी चालतं.

परवा एका काकांनी उत्तर दिलं. गवंडीकाम करतात. फोन शर्टाच्या खिशात, खिशात वाळू. मग काय, माझी काचपुराणाची कळ दाबली गेली.

काचेच्या पाकिटावर ‘९एच’ छापलेलं असतं. ती पेन्सिलच्या कडकपणाची मोजपट्टी आहे, हिऱ्याबिऱ्याची नव्हे. वाळूचा कण काचेहून कडक असतो, तो ओरखडा काढणारच. तो स्क्रीनऐवजी दोनशेच्या काचेवर पडावा, एवढीच तिची कामगिरी. चिकटवणं मात्र कला आहे! आधी पंखा बंद. ओलं फडकं, मग कोरडं, मग धूळ टिपायचं स्टिकर. काच टेकवायची आणि मधोमध बोट ठेवून हात काढायचा. ती आपण होऊन कडांपर्यंत पसरते. बुडबुडा ढकलला की सरकला, तर हवा. दाबूनही तिथेच, पोटात ठिपका, तर धूळ. कोपरा उचलून टेपने टिपावी लागते. हे करताना माझ्या चेहऱ्यावर ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचे भाव असतात, असं मला वाटतं. बायकोच्या मते जांभई दाबल्यासारखा दिसतो.

काकांची नजर कॉम्बोवर गेली. कव्हर अडीचशे, काच दोनशे, चार्जर नऊशे, एकत्र ११९९. दीडशे वाचतात! मी बिलाच्या पाठीवर तिन्ही किमती वेगळ्या लिहिल्या. कव्हर खोक्यातच निघालं. चार्जर? घरचा आणून लावून बघा, ‘फास्ट चार्जिंग’ अशी अक्षरं आली नाहीत आणि रात्रभराचा धीर नसेल, तर या. उरली काच. दीडशे वाचवायला ९९९ जादा कशाला?

काकांनी प्लास्टिकच्या पिशवीतून नोटा काढल्या. पाचशेच्या, शंभराच्या, दहाच्यासुद्धा. त्या मोजताना त्यांचे ओठ हलत होते. अशा माणसाला तीन वस्तू चिकटवा म्हणणाऱ्याला एकदा माझ्या स्टुलावर बसवावंसं वाटतं.

काच बसली, एक बुडबुडा नाही. मी कौतुकासाठी मान वर केली. काका म्हणाले, ‘हात चांगलाय तुमचा. एवढा फोन घेतला, काचेचे धरू नका.’