परवानगी द्या साहेब, नुसतं बसायची

मा. वैद्यकीय अधीक्षक,
नागपुरातलं एक मोठं रुग्णालय
(नाव मुद्दामच लिहीत नाही, ओळख आपोआप पटेल)

विषय : बाह्यरुग्ण विभागाच्या हॉलमध्ये बसू देण्याबाबत.

महोदय,

समाजशास्त्राच्या एम.ए.च्या क्षेत्रकार्यासाठी केलेला माझा अर्ज परत मिळाला. त्यावर शेरा आहे, ‘रुग्णांच्या गोपनीयतेचा प्रश्न’. वाचून ऊर भरून आला. त्याच सकाळी तुमचा शिपाई ओपीडीच्या दारात उभा राहून भरल्या हॉलमध्ये ओरडला होता, “पांढऱ्या पाण्यावाली बाई कोन हाय? चाला लवकर!” एक बाई उठली आणि पदर नाकापर्यंत ओढून, कुणाकडे न बघता आत गेली. गोपनीयतेची इतकी चोख व्यवस्था असताना माझ्या वहीचा धोका तुम्ही वेळीच ओळखलात, याबद्दल आभार.

त्या वहीत नाव, केस पेपरचा नंबर, आजार किंवा फोटो यांतलं काहीच नसणार होतं. कोण किती वाजता कुठल्या रांगेत लागलं, कुणी पाठवलं आणि कुठे पाठवलं, एवढंच लिहायचं होतं. ओळख पटेल असं काही न नोंदवता आणि कुणाचं नुकसान होणार नसेल तर सार्वजनिक वागण्याचं निरीक्षण नैतिक तपासणीतून वगळता येतं, असं आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. ओपीडीचा हॉल त्यात बसतो की नाही, हे तुमच्या समितीने ठरवावं. बसत नाही म्हणाली असती तरी चाललं असतं. पण समितीने मला औषधचाचणीचा फॉर्म दिला. औषधाचं नाव? बाक. मात्रा? सकाळी सात ते दोन. शिवाय हॉलमधल्या प्रत्येकाची लेखी संमती आणा म्हणे. म्हणजे रांग सोडून माझ्या कागदावर सही करा, आणि तेवढ्यात नंबर गेला तर उद्या या!

पण मला खरं झोंबलं ते तुमचं दुसरं वाक्य : “सगळा डेटा कॉम्प्युटरमध्ये आहे, तिथे बसून वेगळं काय मिळणार?”

सांगते. आत्याला घेऊन मी तुमच्याकडे आले होते. (नातेवाईक म्हणून तुमच्याकडे दिवसभर बसता येतं, विद्यार्थिनी म्हणून नाही.) शेजारी बालाघाटकडचं एक कुटुंब होतं. म्हातारी, मुलगा आणि सून. साडेसहालाच फाटकाशी आले होते. खिडकी उघडली, रांग सरकली आणि केस पेपर हातात पडला पावणेदहाला. तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ तिथे सुरू होतं. आधीचे सव्वातीन तास त्याच्या लेखी घडलेच नाहीत. पावणेबाराला डॉक्टरांनी तपासलं, म्हणजे नोंदीप्रमाणे वाट पाहिली दोन तास. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, पण चिठ्ठीवर शिक्का राहिला होता. मुलगा शिक्क्यासाठी एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर धावला आणि परत येईपर्यंत रक्त घेणं बंद झालं होतं. “कल आना.” म्हातारी तुमच्या यादीत ‘तपासली’ म्हणून मोजली गेली. मुलाची आणि सुनेची त्या दिवसाची मजुरी बुडाली. ती कुठल्या रकान्यात आहे, दाखवा. आणि कंटाळून मधूनच निघून गेलेला माणूसही केस पेपर निघाला म्हणून तुमच्या आकड्यात हजरच असतो ना?

हे दिसायला कॉम्प्युटर लागत नाही, बाकावर बसावं लागतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन १९५५-५६मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात वर्षभर रुग्णांमध्ये वावरला. तो कशासाठी आला आहे, हे तिथल्या वरिष्ठांना ठाऊक होतं. त्यांनी त्याला वावरू दिलं. ते रुग्णालय त्यामुळे कोसळलं नाही.

तुमच्या कार्यालयातल्या बाबूंनी जाता जाता हळूच सांगितलं, “मॅडम, कोनी व्हिडिओ काढला का सायबालेच मुंबईले उत्तर द्या लागते.” तेव्हा माझा राग थोडा उतरला, हे कबूल करते. डॉक्टरांवर हात टाकणाऱ्यांसाठी राज्याला २०१०मध्ये कायदा करावा लागला. तरी रात्रपाळीचा पोरगा निवासी डॉक्टर अजून दाराकडे बघत बघतच पेशंट तपासतो. खिडक्या वाढवणं तुमच्या हातात नाही, माणसांची भरती तर नाहीच. वरून विचारणा झाली की उत्तर मात्र तुम्हीच द्यायचं. मंत्रालयात गेलात की तुम्हीही कुणाच्या तरी दालनाबाहेर बसत असाल. तिथेही तुमच्या वेळेची नोंद कोणी करत नसेल.

म्हणून मागणी लहान केली आहे. मेडिसिन ओपीडीत भिंतीजवळची एक जागा, गळ्यात ओळखपत्र, मोबाइल तुमच्या शिपायाकडे जमा. दारावर एक सूचना लावा, की इथे विद्यार्थिनी निरीक्षण करत आहे, नको असेल त्याने सांगावं, त्याच्याबद्दल ती काही लिहिणार नाही. छापण्यापूर्वी अहवाल तुम्हाला दाखवीन. चुका सुधारीन, निष्कर्ष बदलणार नाही.

हेही नको असेल तर कारण देऊन, सही-शिक्क्यानिशी लेखी नकार द्या. तो प्रबंधाच्या परिशिष्टात जसाच्या तसा जोडता येईल.

आपली,
समाजशास्त्राची एक विद्यार्थिनी, नागपूर