मोठ्या बाईंची मुलाखत

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यासारख्या गावात बालवाडीला नवी ताई नेमायची म्हटलं की सचिव, एखादा पुढारी आणि मोठ्या बाई असं मंडळ बसतं. मोठ्या बाई निवृत्त झाल्यात, पण हे बालवाडीच्या अजून कुणी लक्षात आणून दिलेलं नाही. सचिव अर्ज वाचतात. बाई तो पालथा घालून त्यावर चष्म्याची डबी ठेवतात आणि विचारतात, "तीन वर्षांचं लेकरू दुसऱ्याला चावलं. काय करशील?"

"समजावून सांगीन."

"बरं, मग?"

"पुन्हा समजावीन."

"बरं, मग?"

तिसऱ्या 'बरं, मग?'ला भल्याभल्यांना घाम फुटतो. एकीनं घायकुतीला येऊन "मीही त्याला हळूच चावीन" असं सांगून टाकलं. सचिवांनी हसू खोकल्यात बुडवलं. बाईंनी मात्र शांतपणे विचारलं, "बरं, मग?"

त्यांचं स्वतःचं उत्तर चहाच्या वेळी मिळतं. आधी ज्याला चावलं त्याच्याकडं जायचं, जखम धुवायची, ओलं फडकं ठेवायचं. चावणाऱ्याला एकच वाक्य : "दुखतं त्याला. तुला पाहिजे तर 'दे' म्हण." त्या वयात राग भरपूर असतो, शब्द थोडे. मग आठवडाभर चावण्याची वेळ लिहून ठेवायची. बहुतेकदा खिचडीच्या आधीची भूक निघते, नाहीतर वीस लेकरांत एकच तीनचाकी. आणि चावलेल्याच्या आईला खूण दिसायच्या आत आपणच सांगायचं, चावणाऱ्याचं नाव मात्र सांगायचं नाही. नाव कळलं की भांडण पारावर जातं.

धीर किती आहे हे त्या विचारत नाहीत. बोलणं चालू असताना नातवाला शर्टाची बटणं लावायला बसवतात. तो वरचं बटण खालच्या काजात घालतो. उमेदवाराचा हात आपसूक पुढं गेला की बाईंचा चेहरा पडतो.

मग पदर डोक्यावर ओढून बाई स्वतःच आई होतात. "शेजारचं लेकरू एबीसीडी म्हणतंय, आमचं नुसतं मातीत खेळतंय." यावर "काळजी करू नका" म्हणणारीचं काही खरं नसतं. अनुताई वाघांनी कोसबाडला शंखशिंपले आणि दगडगोट्यांवर लेकरं शिकवली, हे पुराण तिला बसून ऐकावं लागतं.

परवा एका मुलीनं उलट विचारलं, "मातीत काय करतं?"

बाई क्षणभर अडखळल्या. "लाडू वळतं. सगळ्यांना वाटतं."

"एकेकाला एकेक?"

"हो."

"मग ते मोजायलंय की, ताई. बोटंही तयार व्हायलीत, पेन्सिलीला तीच लागतात. पंधरा दिवसांनी या, काय काय करतंय ते दाखवते."

"त्याचा बाप ऐकत नाही."

"त्यांनाच पाठवा."

"हळद शिजवायलाय तो."

"मग संध्याकाळी मीच येते."

सचिवांनी घड्याळ दाखवलं, बाहेर आणखी चौघी ताटकळल्या होत्या. पण बाई आता त्या नसलेल्या लेकराच्या आजीची तक्रार सांगायला लागल्या होत्या.